शिक्क्याचा फोटो खरा, पण पाटली?

"नमस्कार ताई, मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. नणंदेच्या ओळखीतल्या एक काकू जळगावला असतात, त्यांना त्यांच्या लग्नातल्या पाटल्यांचा जोड विकायचाय, 2017 चा आहे म्हणतात, 40 ग्रॅमच्या आसपास. मजुरी वाचेल म्हणून आमचा विचार चाललाय. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत, शिक्का एकदम स्पष्ट दिसतो, 22K916 आणि तो सहा अक्षरांचा नंबर. मी अ‍ॅपमध्ये नंबर टाकला तर बरोबर आला, 22 कॅरेट दाखवतंय. आता त्या म्हणतात 25 हजार पाठवा म्हणजे दुसऱ्या कोणाला देत नाही. नंबर खरा निघाला म्हणजे सोनं खरं ना? पाठवू का पैसे?" — एक वाचक, सिडको, नाशिक

ताई, पैसे अजून पाठवू नका. काकू खोट्या आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, तुम्ही लिहिलंय त्यावरून त्या खऱ्याही असू शकतात, पण तुमच्याकडे आत्ता जे आहे तो एका नंबरचा पुरावा आहे, पाटलीचा नाही. मी सराफ बाजाराच्या जवळ एका हॉलमार्किंग सेंटरवर 11 वर्षं सॅम्पल काढायचं काम केलंय, तिथे असे कितीतरी जोड हातातून गेले, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते.

आधी फोटोकडेच बघू, कारण फोटो अगदीच निरुपयोगी नसतो, नीट वाचला तर बरंच बोलतो. तुमच्या पत्रातच एक गोष्ट आहे जी तुमच्या नजरेतून सुटलीये. काकू म्हणतात पाटल्या 2017 च्या, आणि शिक्क्यात सहा अक्षरांचा नंबर आहे. हा नंबर म्हणजे एचयूआयडी, तो सुरूच झाला 1 जुलै 2021 पासून. त्याच्या आधीच्या हॉलमार्कच्या डागावर, म्हणजे दागिन्यावर, चार खुणा असायच्या, बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा त्रिकोणी लोगो, शुद्धतेचा आकडा, हॉलमार्किंग सेंटरची खूण आणि सराफाची खूण. आता तीनच असतात, लोगो, 22K916 असा आकडा आणि एचयूआयडी. म्हणजे 2017 साली लग्नात घेतलेल्या पाटलीवर त्या वेळी हा नंबर पडणं शक्यच नाही.

लगेच चोरी पकडली असं समजू नका हं. याला साधी कारणं असू शकतात, पाटल्या नंतर कधीतरी मोडून नव्या केल्या असतील, किंवा सराफाकडून जुन्यावरच नव्याने हॉलमार्क करून घेतला असेल, तसं करता येतं. पण मग काकूंना ते आठवायला हवं, कुठल्या वर्षी, कोणाकडे, बिल कुठेय. तुम्ही अ‍ॅपमध्ये नंबर टाकलात तेव्हा फक्त 22 कॅरेट एवढंच बघितलंत बहुतेक, परत एकदा उघडा. BIS Care मध्ये Verify HUID ला गेलं की शुद्धतेबरोबर डागाचा प्रकार येतो, कुठल्या सराफाच्या नावावर आहे ते येतं, कुठल्या सेंटरवर हॉलमार्क झाला ते येतं आणि हॉलमार्कची तारीखही येते. यातला प्रकार आणि तारीख या दोन ओळी सगळ्यात कामाच्या. प्रकारात बांगडीच्या ऐवजी अंगठी किंवा पेंडंट आलं तर विषय तिथेच संपला. तारीख 2022 ची आली आणि सराफ जळगावचा नसून भलत्याच गावचा निघाला तर काकूंना सरळ विचारा, आणि उत्तर काय येतं त्यापेक्षा ते कसं येतं ते बघा, पटकन बिलाचा फोटो येतो का की "अगं ते सगळं ह्यांना माहीत, तू पैसे पाठव" असं येतं.

दुसरी गोष्ट, जोड आहे म्हणजे पाटल्या दोन आहेत. तुम्ही लिहिलंय "नंबर टाकला", एकच. एचयूआयडी प्रत्येक डागाचा वेगळा असतो, एका पाटलीचा नंबर दुसरीवर येत नाही. दोन्ही पाटल्यांच्या शिक्क्याचे वेगवेगळे फोटो मागवा, दोन्ही नंबर वेगवेगळे आहेत का बघा, दोन्ही अ‍ॅपमध्ये टाका. नंबर वाचताना जरा जपून, लेझरने कोरलेलं ते अक्षर मिलिमीटरभरसुद्धा नसतं, त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, आठ आणि बी, पाच आणि एस यांची फोटोत हमखास गल्लत होते. त्यामुळे एकदा "सापडला नाही" आलं म्हणून लगेच घाबरू नका, दोन तीन पद्धतीने टाकून बघा.

आणि फोटोऐवजी व्हिडिओ मागवा, न थांबता एका दमात काढलेला, ज्यात आधी पूर्ण पाटली दिसेल, मग कॅमेरा हळूहळू आत शिक्क्यापर्यंत जाईल, मग तीच पाटली काट्यावर ठेवलेली दिसेल. असं का सांगते, तर शिक्क्याचा क्लोजअप फोटो असतो ना त्यात फक्त चार मिलिमीटरचा तुकडा दिसतो, तो तुकडा कुठल्या डागाचा आहे हे त्या फोटोत कुठेच लिहिलेलं नसतं. कुणी दुकानातल्या ट्रेमधल्या दुसऱ्याच बांगडीचा फोटो काढून पाठवला तरी तुम्हाला कळणार नाही. एका दमाच्या व्हिडिओत शिक्का आणि डाग एकत्र बांधले जातात. एवढंच काम व्हिडिओ करतो, त्याच्या पुढे नाही.

व्हिडिओ आला की अजून दोन जागा बघा. एक म्हणजे कडा. पाटलीच्या कडा आणि आतला भाग हाताला घासून घासून झिजतो, तिथे रंग बदललेला दिसला, लालसर किंवा पांढुरका, तर वरून मुलामा असण्याची शक्यता आहे. दुसरी म्हणजे झाळ. बऱ्याच बायका हात भरल्यावर पाटली वाढवून घेतात, सोनार ती कापतो, मध्ये तुकडा घालतो आणि झाळतो. तो तुकडा हॉलमार्कच्या नंतर पडलेला असतो, त्याची कोणी तपासणी केलेली नसते, आणि तो कमी कसाचा असला तरी शिक्का बिचारा आपल्या जागी खराच राहतो. चांगल्या उजेडात काढलेल्या व्हिडिओत वाढवलेल्या जागी दोन बारीक रेषा दिसतात, कधी रंगही किंचित वेगळा दिसतो. दिसल्या तर वाईट काही नाही, पण तपासताना तिथे वेगळं बघायचं हे लक्षात ठेवा.

फक्त 916 किंवा "केडीएम" असा शिक्का असेल आणि लोगो नसेल तर तो हॉलमार्क नव्हेच. केडीएम म्हणजे कॅडमियमची झाळ वापरली एवढाच त्याचा मूळ अर्थ, शुद्धतेची हमी कोणी दिलेली नसते. तुमच्या फोटोत लोगो आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं बघा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. समजा सगळं जुळलं, दोन नंबर, दोन्ही वेगळे, दोन्ही बांगडीचे, तारीख काकूंच्या हकिकतीशी जुळते. तरीसुद्धा पाटलीत 22 कॅरेट सोनं आहे हे सिद्ध होत नाही. कारण अ‍ॅप तुमची पाटली बघत नाही, ते फक्त सांगतं की या नंबरचा एक डाग कुठल्यातरी दिवशी कुठल्यातरी सेंटरवर 22 कॅरेट म्हणून पास झाला होता. तो नंबर कोरणारं लेझर मशीन काही फक्त सेंटरवाल्यांकडेच मिळतं असं नाही, पेनावर नाव कोरून देणारेही तसलंच मशीन वापरतात. खऱ्या बांगडीचा खरा नंबर वाचायचा आणि दुसऱ्या बांगडीवर कोरायचा, इतकं ते सोपं आहे.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. नाशिकरोडच्या एक बाई आमच्याकडे आल्या होत्या, त्यांनी असाच एक जोड ओळखीच्या ओळखीतून घेतला होता आणि दोन वर्षांनी मोडायला गेल्या तर सराफाने घट जास्त सांगितली, म्हणून रागारागाने आमच्याकडे तपासायला आल्या, की सराफच फसवतोय. नंबर अ‍ॅपमध्ये टाकला तर खणखणीत बरोबर, बांगडी, 22K916. बाई म्हणाल्या बघा मी म्हणत नव्हते. मी दुसरी पाटली भिंगाखाली धरली तर तिच्यावरही तोच नंबर, अक्षर न् अक्षर तोच. त्यांनी दोन वर्षांत दुसऱ्या पाटलीचा नंबर कधी वाचलाच नव्हता.

मग एक्सआरएफ मशीनवर ठेवलं. हे मशीन तुम्ही मोठ्या दुकानात बघितलं असेल, डबा असतो, आत डाग ठेवतात, मिनिटभरात स्क्रीनवर टक्के येतात. एक्स-रे धातूवर पडतात, त्यातलं सोनं, चांदी, तांबं आपापल्या पद्धतीने उलट किरण टाकतात आणि मशीन ते मोजतं. डागाला काही होत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतं. आकडा आला 91.7. म्हणजे चोख 22 कॅरेट. बाई उठल्याच होत्या.

पण या मशीनची एक मर्यादा आहे जी गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. सोनं इतकं जड धातू आहे की ते किरण आत खोल जाऊन परत येऊच शकत नाहीत, मशीनला दिसतो तो फक्त वरचा पापुद्रा, आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. त्याच्या खाली काय आहे ते मशीनला माहीत नसतं. वरून जाड मुलामा असेल तर मशीन मुलाम्याचा टंच, म्हणजे कस, सांगतं. आणि मुलामा नसतानाही फसगत होते, सोनार डाग झाळल्यावर तेजाबात उकळतो ना, त्यात वरच्या पापुद्र्यातलं तांबं निघून जातं आणि पापुद्र्यात सोन्याचं प्रमाण वाढतं, आत मात्र जे आहे तेच राहतं. म्हणजे कोणी मुद्दाम काही न करताही वरचा आकडा आतल्यापेक्षा चढा येऊ शकतो.

म्हणून मी बाईंची परवानगी घेऊन पाटलीच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कानशीने थोडं घासलं आणि त्याच जागी परत मशीन लावलं. 87.1. बाई बसल्या परत खाली.

आता कुठला आकडा खरा? दोन्ही त्या त्या जागेचे खरे होते. पूर्ण पाटलीचं उत्तर मशीन देत नाही, ते देते आगीची परीक्षा, फायर अ‍ॅसे. शेकडो वर्षं जुनी पद्धत आहे आणि आजही शेवटचा शब्द तिचाच. पाटलीतून बारीक तुकडा किंवा कीस काढतात, आम्ही त्या वेळी 250 मिलीग्रॅम घेतला होता, म्हणजे पाव ग्रॅम. तो अगदी बारीक काट्यावर तोलायचा, मग त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडाच्या राखेची किंवा मॅग्नेशियाची छोटी वाटी असते, क्युपेल म्हणतात तिला, तिच्यात ठेवून हजार डिग्रीच्या वर भट्टीत. शिसं वितळतं, तांब्यासारखे हलके धातू आपल्याबरोबर ओढून घेतं आणि वाटीत मुरतं, वर उरतो सोनं आणि चांदीचा एक गोळा. तो ठोकून, लाटून पातळ पट्टी करायची, गुंडाळी करायची आणि नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उकळायची, चांदी विरघळून जाते आणि उरतं ते निव्वळ सोनं. ते परत तोलायचं.

चांदी मुद्दाम का घालतात असं मला पुष्कळ जण विचारायचे. सोन्याच्या मानाने चांदी दोन-अडीच पट तरी नसेल तर अ‍ॅसिड आतपर्यंत पोचत नाही, सोनं चांदीला आपल्या आत धरून ठेवतं आणि वजन खोटं जास्त येतं. म्हणून आधी चांदी वाढवायची आणि मग सगळी काढून टाकायची. असं करून काढलेला आकडा हजारात एखाद्या भागाच्याही आत बरोबर येतो.

बाईंच्या पाव ग्रॅममधून सोनं निघालं 217.2 मिलीग्रॅम. 217.2 ला 250 ने भागलं की येतं 0.8688, म्हणजे हजारात 869 च्या आसपास, 916 च्या जागी. फरक 47 चा. पाटलीचं वजन होतं 20.14 ग्रॅम, त्यात चोख सोनं यायला हवं होतं 18.45 ग्रॅम आणि होतं साधारण 17.50, एका पाटलीत ग्रॅमला थोडं कमी. दोन्हीत मिळून जवळजवळ 1.9 ग्रॅम चोख सोनं कमी. हिशोबाला सोपा म्हणून ग्रॅमला 10,000 भाव धरला तरी 19,000 रुपये गेले, मजुरी वाचवायला घेतलेल्या जोडात. सराफाने सांगितलेली घट बरोबर होती. बाईंना विकणाऱ्या माणसाचा फोन केव्हाच बंद झाला होता.

यात मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं तर पाटली खोटी नव्हती. पितळ असतं तर हातात घेतल्या घेतल्या कळलं असतं. ही सोन्याचीच होती, फक्त थोडी कमी, आणि ही "थोडी कमी" फोटोत, रंगात, वजनात, शिक्क्यात कुठेच दिसत नाही. पितळाला घाबरणारी माणसं नेमकी इथे निर्धास्त होतात.

तुमच्या मनात येईल की घरीच पाण्यात घालून बघतात तसं करावं का. करून बघायला हरकत नाही, पण त्याने काय पकडलं जातं ते समजून घ्या. 22 कॅरेट सोनं पाण्याच्या साधारण पावणेअठरा पट जड असतं. शून्य पूर्णांक शून्य एक ग्रॅम दाखवणारा काटा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा, पाटली दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी पाटलीने बाजूला सारलं. 20.14 ग्रॅमच्या 22 कॅरेटच्या भरीव पाटलीला तो 1.13 च्या आसपास यायला हवा. आत तांबं असेल तर दोनच्या वर जाईल, ते लगेच कळेल. पण नाशिकरोडच्या बाईंच्या पाटलीसारखी असेल तर आकडा येईल 1.20 च्या आसपास, आणि पाटलीला चिकटलेले हवेचे एक दोन बुडबुडे एवढा फरक सहज पाडतात. म्हणजे ही परीक्षा पितळ-तांबं पकडते, कमी कस पकडत नाही. आणि पाटली पोकळ असेल किंवा बोरमाळेच्या मण्यांसारखी आत लाख भरलेली असेल तर खरं सोनंसुद्धा खोटं ठरेल, तेव्हा भरीव असल्याशिवाय हा उद्योग करूच नका.

कसोटीच्या दगडावर घासून तेजाब टाकतात ती परीक्षा जुन्या जाणत्या माणसाच्या हातात अजूनही चांगली असते, पण ती पण घासलेल्या जागेचीच, आणि अर्धा पाऊण कॅरेटचा फरक सांगायला नजर फार तयार लागते.

आता तुम्ही काय करायचं ते. काकूंना सांगा की व्यवहार नाशिकला सेंटरवर करू, दोघी समोर असताना. जळगावहून येणं जमत नसेल तर तुम्ही जळगावला जा, तिथल्या सेंटरवर करा, मला तरी जाण्यायेण्याचा खर्च वाया गेला असं वाटणार नाही. बीआयएसने मान्यता दिलेल्या सेंटरची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे, गावातल्या कुठल्याही टंच काढणाऱ्याकडे जाऊ नका, मान्यतेचं सेंटरच बघा. सामान्य ग्राहकाला तिथे आपला डाग तपासून घेता येतो, चार डागांपर्यंत 200 रुपये असा दर ठरवलेला आहे, तुमचे दोनच आहेत, जाण्याआधी फोन करून दर आणि वेळ विचारून घ्या.

तिथे गेल्यावर नुसतं "चेक करा" म्हणू नका. सांगा की दोन्ही पाटल्या वेगवेगळ्या बघायच्यात, प्रत्येकीवर निदान तीन जागी, एक शिक्क्याजवळ, एक बरोबर समोरच्या बाजूला, आणि वाढवलेली दिसत असेल तर त्या तुकड्यावर. मग काकूंना विचारून आतल्या बाजूला थोडं घासून परत एकदा. घासायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा जवळजवळ सारखा आला, 91.6 च्या आसपास, तर माझ्या मते तुम्ही घ्यायला हरकत नाही. झाळीच्या अगदी जागेवर आकडा थोडा खाली येतो, ते चालतं, झाळ वितळावी म्हणून तिच्यात इतर धातू थोडा जास्त असतोच. पण अंगावरच घासल्यावर आकडा खाली उतरला तर फायर अ‍ॅसेशिवाय भाव ठरवू नका. त्यात पाव ग्रॅमचा तुकडा जातो, डाग काकूंचा आहे, तेव्हा त्यांनी हो म्हटल्याशिवाय करता येणार नाही आणि तो खर्च नि ते सोनं कोणाच्या अंगावर हे आधीच ठरवा. काकू नाही म्हणाल्या तर त्यांचा तो हक्क आहे, मग तुम्ही घासून आलेल्या आकड्यावर भाव लावा किंवा सोडून द्या.

हे सगळं बोलताना संशय घेतोय असं वाटू देऊ नका, नणंदेची ओळख आहे, नातं टिकायला हवं. एवढंच लिहा की "काकू, नंतर तुमच्या माझ्या मनात काही राहायला नको म्हणून सेंटरवर तोलून, तपासून, तिथेच पूर्ण पैसे देते, मध्ये 25 हजार कशाला." ज्यांना खरंच विकायचंय त्यांना पूर्ण रक्कम एकदम मिळतेय तर त्या हो म्हणतील. दुसरं गिऱ्हाईक आहे असं म्हणाल्या तर म्हणा ठीक आहे, त्यांना द्या, मुलीच्या लग्नाला अजून वेळ आहे.

एक शेवटचं, मूळ बिल मागून घ्याच. हॉलमार्कच्या डागाच्या बिलावर डागाचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचा चार्ज वेगळा लिहिलेला असावा लागतो, तो तुमच्या व्हिडिओतल्या वजनाशी ताडून बघा. एखाद-दोन पॉइंट वजन झिजेने कमी झालेलं चालेल, पण बिलापेक्षा वजन जास्त भरलं तर विचारा की मधे काय घातलं. हॉलमार्कच्या डागात कस कमी निघाला तर नियमाप्रमाणे कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो, पण तो विकणाऱ्या सराफाकडून, काकूंकडून नाही, आणि तुमच्या हातात बिल नसेल तर सराफ "ही पाटली माझी नाही" म्हणून मोकळा होईल. आज संध्याकाळी आधी दुसऱ्या पाटलीच्या शिक्क्याचा फोटो मागवा, नंबर टाका, आणि दोन्ही स्क्रीनशॉट मला पाठवा, तारीख आणि सराफाचं गाव मी बघून सांगते.